गार वाटणारी पावडर

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं त्याला आता आठ महिने झाले. त्यातले पहिले पाच महिने मी एकटीने काढले. अंग पुसणं, कुशीवर वळवणं, चादर बदलणं, केस विंचरणं, सगळं. मग एका सकाळी त्यांना वळवताना माझ्याच कमरेत उसण भरली आणि मी पलंगाचा कठडा धरून उभी राहिले ती उभीच. त्याच दिवशी ह्यांनी आणि वन्संनी फोनवर परस्पर ठरवून टाकलं की आईंसाठी बाई ठेवायची. माझ्या काळजीपोटीच ठरवलं, हे मलाही कळतं. पण मला कुणी विचारलं नाही, आणि हे मी विसरलेले नाही.

बाई आली. तिशीची, हडकुळी, आवाज इतका बारीक की दोनदा विचारल्याशिवाय ऐकू येऊ नये. रुग्णसेवेचा कोर्स केलेली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी. आल्या आल्या तिने हात धुतले, आईंना नमस्कार केला आणि कपाटावरचा पावडरचा डबा उचलून खिडकीशी नेला. उजेडात धरून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं वाचत बसली. जणू मी पाच महिने आईंना विषच चोळत होते.

"ताई, यात टाल्क आहे," ती म्हणाली.

"मग? टाल्कम पावडरमध्ये टाल्क नाही तर काय साखर असणार?"

ती हसली नाही. सांगायला लागली. टाल्क म्हणजे एक मऊ दगड, तो दळून ही पावडर होते. जमिनीत काही ठिकाणी त्याच्या शेजारीच ॲस्बेस्टॉस सापडतं. खाणीतून काढताना ते थोडं जरी मिसळलं, तरी वाईट. शिवाय ज्या बायका वर्षानुवर्षं नाजूक जागी टाल्क वापरत आल्या, त्यांच्यात बीजाशयाचा कॅन्सर थोडा जास्त दिसतो, असं काही अभ्यासांत आढळलंय, काहींत नाही. पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण कॅन्सरचा अभ्यास करणाऱ्या जागतिक मंडळाने त्याला 'बहुधा धोक्याचं' म्हणून धरलंय.

"आणि आजी तर आडव्या असतात," ती म्हणाली. "वरून शिंपडलेलं सगळं नाकातच जाणार. त्यांना आधीच खोकला आहे."

ऐकताना मी मनात हिशोब करत होते. आईंचा नाही, माझा. मी वीस वर्षं रोज आंघोळीनंतर हीच पावडर सगळीकडे थापत आले होते आणि लेक तान्ही असताना तिला तर पांढरीफटक करून ठेवत होते. मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मी भांडते. हा माझा जुना स्वभाव.

"चाळीस वर्षं आई हीच पावडर लावतात. काही झालं का त्यांना?"

"मग तुम्ही काय लावता?" पलंगावरून आईंनी तिला विचारलं. मला नाही, तिला.

तिने पिशवीतून झाकणाचा डबा काढला. आत मक्याचं पांढरं पीठ, कॉर्नफ्लोअर. केक-बिस्किटांत घालतात, सूप दाट करायला वापरतात, तेच. मी तोंडावर हात ठेवून हसले. मग तिने माझ्या डोळ्यांदेखत दोन बशा मांडल्या. एकीत चमचाभर टाल्क, दुसरीत चमचाभर पीठ, आणि दोन्हींवर बोटाने पाण्याचा एकेक थेंब सोडला. टाल्कवर थेंब मण्यासारखा गोल बसून राहिला. पिठावरचा हळूहळू आत मुरला.

"पीठ घाम ओढून घेतं. टाल्क नुसतं घसरतं, अंग गुळगुळीत लागतं म्हणून कोरडं वाटतं."

मी पुढे होऊन पिठावर अर्धी वाटी पाणी ओतलं. "आणि आता?"

"आता लगदा झाला," तिने मुकाट्याने कबूल केलं. "म्हणून आधी अंग टिपून कोरडं करायचं. मग तळहातावर घ्यायची, तोंडापासून लांब, आणि अगदी पातळ लावायची. कुठलीही पावडर घामावर थापली की लगदाच होतो. आणि बुरशी धरली असेल तिथे हीसुद्धा नाही चालत."

मग माझ्याकडची घामोळ्यांची पावडर मी मुद्दाम आणून तिच्यापुढे ठेवली. हिरवा डबा, झाकण उघडलं की नाकात गारवा जातो. तिने तीही वाचली. मेन्थॉल, झिंक ऑक्साइड, सॅलिसिलिक ॲसिड. "घामोळं खाजतं तेव्हा बरी वाटते. पण कातडी सोललेली असेल तर झोंबते. तिथे नको. आणि तळाशी यातही टाल्कच आहे." डबा तिने जसा होता तसा माझ्या हातात परत दिला.

त्या दिवसापासून मी मनातल्या मनात तिला पीठवाली म्हणायला लागले. पुढे ह्यांच्याशी बोलतानाही तेच नाव तोंडात येऊ लागलं. "तुमची पीठवाली आली," मी म्हणायची. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता "बरं" म्हणायचे.

उकाडा तर असा होता की भिंतीला हात लावला तरी चिकट लागावं. आईंच्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, तिथून वारा येण्याचा प्रश्नच नाही. पंखा गरम हवाच फिरवत राहायचा. अशा दिवसांत पीठवाली आईंना तीनदा टिपून काढायची. मानेच्या घड्या, काखा, जांघा, छातीखाली. हलक्या हाताने, एकेक घडी उघडून. मी सकाळी एकदा पुसायची, तेही घाईत. दारातून मला ते दिसायचं आणि नको ते कबूल करावं लागायचं, की तिचं काम माझ्यापेक्षा चांगलं होतं. आईंच्या पाठीवरची घामोळी आठवड्यात बसली.

"तुझ्या हाताला गुण आहे गं," आई तिला म्हणाल्या.

पंचवीस वर्षांत माझ्या हाताला काय आहे ते त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या हातच्या चहाबद्दल एकदा म्हणाल्या होत्या, "आज जमलाय." तेवढ्यावर मी आठवडाभर तरंगत होते.

एक दिवस चहा घेऊन गेले तर आतून हसण्याचा आवाज. आई हसत होत्या, खोकल्याच्या उबळीपर्यंत. दाराआड उभी राहून मी ऐकलं. लग्नाआधी त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होत्या, कानाला यंत्र लावून तारा जोडायच्या. एका साहेबाने बायकोला लावलेला फोन चुकून दुसऱ्याच बाईला जोडला गेला आणि आईंनी तो मुद्दाम पाच मिनिटं तोडला नाही. हे त्या पीठवालीला सांगत होत्या. मला त्यांनी नोकरी केली हेसुद्धा माहीत नव्हतं. मी चहाचा कप दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि परत आले. माझा जळफळाट झाला. दुसरा शब्द नाही.

मग मी खोलीत जाणंच सोडलं. "आहे ना ती," म्हणायचं आणि स्वयंपाकघरात भांडी आपटायची. कप स्टुलावर, जेवणाचं ताट स्टुलावर. सहाला ती गेली की हे आईंजवळ बातम्या लावून बसायचे. त्या हाक मारायच्या ते ऐकू यायचं. मी ह्यांना पाठवायची. रविवारचं पुसणंही ह्यांच्यावरच टाकायची. आईंना कळू दे, असं वाटायचं. काय कळू दे, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

एका संध्याकाळी हे बाहेर गेले होते आणि आई छातीखाली कराकरा खाजवत होत्या. ते मात्र मला बघवेना. मी तडक जाऊन माझा हिरवा डबा आणला आणि गाऊनच्या गळ्यातून हात घालून घडीत चांगली भरपूर पावडर सोडली. आईंनी डोळे मिटले, एक मोठा श्वास आत ओढला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"गार वाटतं का, आई?"

"हो," त्या म्हणाल्या. "खूप गार वाटतं."

मला काय झालं सांगू? मी जिंकले. पिठाने जे जमलं नाही ते माझ्या डब्याने एका मिनिटात केलं होतं, आणि मनगट त्यांनी माझं धरलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी सात वाजता मी परत गेले. तिसऱ्याही. सहाला पीठवाली चप्पल घालून जिना उतरली की माझं चित्त थाऱ्यावर नसायचं. हे खाली पाय मोकळे करायला गेले की मी डबा घेऊन खोलीत. पावडर लावून झाली तरी पाच-दहा मिनिटं मी तिथेच पलंगाच्या कडेवर टेकून राहायची. आई माझा हात सोडायच्या नाहीत. कधी विचारायच्या, लेकीचा फोन आला का, कंबर कशी आहे. दिवा मिणमिणता होता आणि घडी उघडून बघायची मला गरज वाटली नाही. मी वरून शिंपडायची. त्या डोळे मिटायच्या.

दहा-बारा दिवसांनी पीठवालीने मला स्वयंपाकघराच्या दारात गाठलं.

"ताई, आजींच्या छातीखाली लाल झालंय. मी तिथे पीठ बंद केलंय. नुसतं धुते, टिपते आणि मऊ सुती पट्टी ठेवते. पण रोज सकाळी घडीत पांढरा लगदा असतो. वासही येतो गार गार. संध्याकाळी कुणी काही लावतं का?"

"वास त्यांच्या गुडघ्याच्या बामाचा असेल," मी म्हणाले. "आणि मी कशाला लावू? मी जाते तरी का त्या खोलीत?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी आजींना विचारलं. त्याही नाही म्हणाल्या."

आई नाही म्हणाल्या! हे ऐकून मला किती आनंद झाला म्हणता. आमचं दोघींचं गुपित होतं, आणि पीठवाली त्याच्या बाहेर होती. लाल झालंय म्हणाली, तर तेही मला बरंच वाटलं. मनात म्हटलं, थापा अजून पीठ. डॉक्टरांना दाखवू या म्हणाली, त्यावर मी "बघू" म्हणून टाकलं.

पुढच्या शनिवारी सकाळी सातलाच वन्सं येऊन दाखल झाल्या. आल्या आल्या आईचा गाऊन बदलायला म्हणून आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "वहिनी! दादा! इकडे या आधी!"

आम्ही धावलो. त्यांनी घडी उचलून धरली होती. आत कातडी लालभडक, ओलसर, मधोमध चीर गेलेली, कडेला बारीक बारीक पुरळ, आणि चिरेत पांढरा लगदा साचलेला. मी पहिल्यांदाच नीट उजेडात बघत होते.

"हे काय आहे?" वन्सं म्हणाल्या. "रोज बाई येते ना?"

आणि मी बोलले. जीभ माझीच होती, दुसऱ्याला दोष देता येत नाही. "तिलाच विचारा. स्वयंपाकातलं पीठ फासते ती आईंना. मी पहिल्या दिवसापासून सांगत होते. पीठच ते, घामात आंबणारच."

"पीठ?" वन्संचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आजचा दिवस तिचा शेवटचा. दादा, तू सांगतोस की मी सांगू?"

हे म्हणाले, "तू सांग." आई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

आठला पीठवाली आली. वन्संनी तिला उंबऱ्यातच धरलं. ती सगळं ऐकून घेईपर्यंत हललीसुद्धा नाही. फक्त तिच्या मानेवरची शीर उडताना दिसत होती. मग तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "तिथे मी आठ दिवसांत पीठ लावलेलं नाही. तुम्ही आजींना धुतलं नाहीये ना अजून?"

"नाही."

"मग मला दोन मिनिटं द्या. नंतर जाते."

औषधांच्या डब्यातून तिने जखमेवर लावायचं ते तपकिरी आयोडीनचं औषध काढलं. बशीत आपल्या डब्यातलं चिमूटभर पीठ टाकलं, त्यावर एक थेंब सोडला. पीठ काळंनिळं झालं, शाई सांडल्यासारखं. शाळेत बटाट्यावर हे करून दाखवायचे ते मला आठवलं आणि आता काय होणार तेही त्याच क्षणी कळलं. पळून जावं असं वाटलं. मी खिडकीच्या गजाला धरून उभी राहिले.

तिने ओल्या कापसाने आईंच्या घडीतला लगदा हलकेच टिपला. आईंनी सुस्कारा सोडला. तो कापूस तिने दुसऱ्या बशीत ठेवला आणि त्यावर थेंब टाकला.

तपकिरी. तिने आणखी दोन थेंब टाकले. तपकिरी ते तपकिरीच.

"यात पीठ नाही," ती म्हणाली. कापूस तिने वन्संच्या नाकाशी धरला. "वास घ्या."

वन्संनी वास घेतला. "घामोळ्यांची पावडर!" त्या म्हणाल्या. "मग ही कुणी लावली?"

पीठवालीने माझ्याकडे बघितलं नाही. तिने बघितलं असतं तर बरं झालं असतं, मी तिच्यावर चिडू शकले असते. भिंतीकडे तोंड असलेल्या आई म्हणाल्या, "मीच मागून घेतली. कुणाला काही बोलू नका."

"खोटं आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्यांनी मागितली नाही. मी लावत होते, रोज संध्याकाळी, हिच्यापासून लपवून. हिने विचारलं तेव्हाही मी नाही म्हणाले."

ह्यांनी पहिल्यांदाच वर्तमानपत्र खाली ठेवलं. पीठवालीने दोन्ही बशा उचलल्या, मोरीत नेऊन धुतल्या आणि नेहमीसारखी पाण्याची बादली भरायला लावली.

दुपारी डॉक्टर येऊन गेले. बुरशी धरली होती, आणि वर पावडरने कातडी भाजल्यासारखी झाली होती. मलम लिहून दिलं, आणि बरं होईपर्यंत तिथे कुठलीच पावडर नको म्हणाले, ना दगडाची ना पिठाची. मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले आणि हळूच माझं स्वतःचं विचारलं, वीस वर्षांचं. ते म्हणाले, "आजपासून बंद करा. घाबरून जायचं कारण नाही. काही त्रास वाटला तर तपासून घेऊ." एवढंच. पहिल्या दिवशी पीठवालीनेही मला जवळपास तेच सांगितलं होतं. फरक इतकाच, की तिचं मी ऐकून घेतलं नव्हतं.

सहा वाजता ती निघाली तेव्हा मी तिच्या मागे जिन्यापर्यंत गेले. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "सोमवारी येशील ना?"

"येईन," ती म्हणाली. दोन पायऱ्या उतरून थांबली. "पंधरा दिवस रोज सकाळी मी ते पुसून काढत होते, ताई. आजी ओठ चावायच्या. उद्या माझी सुट्टी आहे. उद्या तुम्ही घडी उघडून बघून करा." आणि ती गेली.

रविवारी मी केलं. कोमट पाणी घेतलं, कापूस घेतला, खिडकीचा पडदा सारला. घडी उचलून धरली आणि थेंब थेंब पाण्याने साफ केली. रगडलं नाही, टिपलं. पंख्याखाली कातडी कोरडी होईपर्यंत टॉवेल धरून उभी राहिले, दहा मिनिटं तरी. मग मलमाचा पातळ थर, वर सुती पट्टी. कंबर ठणकत होती. आई डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होत्या.

"झोंबतंय का?"

"नाही. आज नाही."

मग माझ्याने राहवेना. "आई, रोज झोंबत होतं तर सांगायचं नाही का? मी विचारायची तेव्हा 'गार वाटतं' म्हणायचात. मी इतकी का राक्षसीण आहे? सांगितलं असतं तर लगेच बंद केली असती."

"तेच तर," आई म्हणाल्या. त्यांनी पट्टीवरून माझा हात उचलला आणि स्वतःच्या हातात धरून ठेवला. "ती पोरगी आली आणि तू या खोलीत पाऊल टाकेनाशी झालीस. ताटसुद्धा बाहेर स्टुलावर ठेवायचीस. हाका मारल्या तर ह्याला पाठवायचीस. त्या पावडरच्या निमित्ताने तरी यायला लागलीस. मी झोंबतं म्हटलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आली असतीस का?"